बातमीतला सोमवार

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काम करत असताना एका फेब्रुवारीत, रात्री पावणेनऊच्या सुमारास, तालुक्याच्या वार्ताहराकडून एक कॉपी आली. गावाचे नाव गाळून आणि आकडे थोडे बदलून ती येथे देतो, कारण पुढचे सगळे सांगणे तिच्याभोवतीच फिरणार आहे.

“नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा मंगळवारी सकाळी अकरा वाजता नगराध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. प्रारंभी दिवंगत माजी सदस्यांना श्रद्धांजली वाहण्यात आली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. त्यानंतर बाजारतळावरील गाळ्यांच्या भाडेवाढीवरून सत्ताधारी व विरोधी सदस्यांत शाब्दिक चकमक उडाली. नव्या उद्यानाच्या नामकरणाचा ठराव एकमताने मंजूर झाला. गेल्या पावसाळ्यात पाऊस कमी झाल्याने धरणात 22 टक्के साठा उरला असून, येत्या सोमवारपासून दोन दिवसांआड होणारा पाणीपुरवठा पाच दिवसांआड करावा लागणार असल्याचे पाणीपुरवठा अभियंत्यांनी सांगितले. मुख्य जलवाहिनीची गळती वेळेत न काढल्याने ही वेळ आल्याचा आरोप विरोधी गटनेत्यांनी केला. तो फेटाळत, दुरुस्तीची निविदा डिसेंबरमध्येच काढल्याचे मुख्याधिकाऱ्यांनी स्पष्ट केले. उपनगराध्यक्षांनी आभार मानले. राष्ट्रगीताने सभेची सांगता झाली.”

या कॉपीत खोटे काही नाही. वार्ताहर सकाळी अकरापासून सभागृहात बसला होता आणि जे ज्या क्रमाने घडले ते त्याने त्या क्रमाने लिहिले. इतिवृत्त असेच लिहितात आणि नगरपरिषदेच्या कारकुनाने तसेच लिहायला हवे. पण सकाळी चहाचा कप हातात घेऊन पेपर उघडणारी गृहिणी सभेला बसलेली नसते. तिच्या घरात सोमवारी पाणी येणार की नाही, हे दहा वाक्यांच्या या मजकुरात सहाव्या वाक्यात आहे. तिथवर पोहोचण्याआधी तिला श्रद्धांजली, इतिवृत्त, गाळे आणि उद्यान एवढे सगळे ओलांडायचे आहे. बहुतेक लोक उद्यानापर्यंतही जात नाहीत.

डेस्कवरचे पहिले काम म्हणजे कॉपी बाजूला ठेवून एक प्रश्न विचारणे: गावात उद्या सकाळी लोक एकमेकांना काय सांगतील? कोणी शेजाऱ्याला म्हणणार नाही की सभा खेळीमेळीत पार पडली. “अहो, ऐकलंत का, सोमवारपासून पाच दिवसांआड पाणी,” असे म्हणेल. तोंडी सांगताना माणूस बातमीचा क्रम सहसा चुकत नाही. लिहायला बसला की सभेचा अजेंडा त्याच्या मानगुटीवर बसतो. म्हणून मी नव्या उपसंपादकांना सांगत असे, कॉपी एकदा वाचा, पालथी घाला आणि शेजारच्याला एका वाक्यात सांगा. जे तोंडून निघेल तो इंट्रो.

मग त्या वाक्याला वर उचलून बाकीचे खाली ढकलायचे, एवढेच ना? मीही सुरुवातीला तसेच समजत होतो. त्या रात्री माझ्या शेजारी बसलेल्या नव्या मुलाने तसेच केले. त्याचा इंट्रो असा होता:

“गेल्या पावसाळ्यात पाऊस कमी झाल्याने धरणातील पाणीसाठा 22 टक्क्यांवर आल्यामुळे शहराला सध्या दोन दिवसांआड होणारा पाणीपुरवठा येत्या सोमवारपासून पाच दिवसांआड करण्यात येणार असल्याची माहिती पाणीपुरवठा अभियंत्यांनी मंगळवारी झालेल्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत दिली.”

वाक्य पहिल्या जागी आले, पण बातमी आली नाही. मोजून पाहा, “सोमवारपासून” हा शब्द अठरावा आहे. पाऊस, धरण, टक्केवारी आणि जुने वेळापत्रक आधी, मग सोमवार. आणि एवढ्या लांब वाक्याचे मुख्य क्रियापद कोणते, तर “दिली”. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने बातमी पाण्याची नाही, अभियंत्यांनी माहिती देण्याची आहे.

ही अडचण खास आपल्या भाषेची आहे, आणि पत्रकारितेच्या इंग्रजी पुस्तकांतून ती कळत नाही. इंग्रजीत कर्त्यामागे लगेच क्रियापद येते, कारण आणि तपशील मागून जोडता येतात. तिथे वाक्य वर नेले की बातमीही आपोआप वर जाते. मराठीत क्रियापद शेवटी बसते आणि कारण, स्थळ, काळ, विशेषणे हे सारे त्याच्या आधी दाटीवाटीने उभे राहतात. “झाल्याने”, “आल्यामुळे”, “होणारा”, “झालेल्या” अशी धातुसाधिते एकामागून एक जोडत गेलो की वाक्य व्याकरणाने शुद्ध राहते, पण वाचकाला अर्थ थेट शेवटच्या शब्दाला मिळतो. अपघाताच्या बातमीत तर हे रोज घडते: महामार्ग, गाव, वेळ, गाडीचा प्रकार, धडक, आणि सगळ्यात शेवटी किती माणसे गेली.

म्हणून मराठीत क्रम दोन पातळ्यांवर लावावा लागतो. बातमीत कोणते वाक्य आधी, हे एक. त्या वाक्यात कोणता शब्द आधी, हे दुसरे. दुसऱ्या पातळीचा उपाय साधा आहे, वाक्य तोडायचे. आम्ही त्या इंट्रोचे तीन तुकडे केले:

“शहरात येत्या सोमवारपासून पाच दिवसांआड पाणी येईल. सध्या ते दोन दिवसांआड येते. धरणात 22 टक्केच साठा उरल्याने ही कपात करावी लागत असल्याचे पाणीपुरवठा अभियंत्यांनी मंगळवारी नगरपरिषदेच्या सभेत सांगितले.”

आता सोमवार तिसरा शब्द झाला. पहिले वाक्य सात शब्दांचे आहे. कारण आणि सांगणारा तिसऱ्या वाक्यात गेले, पण गेले नाहीत, हे महत्त्वाचे. कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे सहा ककार पहिल्याच वाक्यात कोंबायचे, असा एक समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. सहाही प्रश्नांची उत्तरे बातमीच्या वरच्या भागात हवीत हे खरे, पण एकाच वाक्यात हवीत असे कुठे आहे? पहिल्या वाक्यात दोन किंवा तीन पुरे, आणि ते कोणते, हे दर बातमीला नव्याने ठरवायचे. इथे “काय” आणि “कधी” पुढे आले. खासदार अपघातात गेला असता तर “कोण” पुढे आला असता.

इथेच त्या रात्रीची खरी गोष्ट सुरू झाली. नवा इंट्रो पडद्यावर उघडा पडला आणि मुलाने विचारले, “सर, पाच दिवसांआड म्हणजे सोमवारी पाणी आलं तर पुढचं शनिवारी की रविवारी?”

मला उत्तर देता आले नाही. काही गावांत मध्ये पूर्ण पाच दिवस कोरडे गेले की “पाच दिवसांआड” म्हणतात, काही ठिकाणी दर पाचव्या दिवशी पाणी आले तरी तेच म्हणतात. मूळ कॉपीत हा प्रश्न कोणालाही पडला नव्हता, मलाही नाही, कारण श्रद्धांजली आणि राष्ट्रगीताच्या मध्ये ते वाक्य सभेतील एक विषय म्हणून सुखाने बसले होते. ते एकटे पहिल्या ओळीत उभे राहिले तेव्हा त्यातले भोक दिसले. आणि एक भोक दिसले की बाकीचीही दिसतात. सोमवारी कोणत्या भागाला? किती वेळ? ज्यांच्याकडे साठवायला टाकी नाही त्यांनी काय करायचे?

वार्ताहराला फोन लावला. त्याच्या वहीत सगळे होते. शहराचे सहा भाग केले आहेत, रोज एका भागाला पाणी, म्हणजे सोमवारी ज्यांना मिळेल त्यांना पुढचे रविवारी. एका वेळी दोन तास. जुन्या गावठाणातल्या उंच गल्ल्यांना दोन टँकर. “हे लिहिलं का नाहीस?” म्हणून विचारले तर तो म्हणाला, “सभेची बातमी होती ना साहेब, फार लांबली असती.” त्याच्या म्हणण्यात चूक नव्हती. सभेची बातमी असती तर खरोखरच लांबली असती.

क्रम बदलण्याकडे बरेच जण सजावट म्हणून पाहतात, जणू तेच सामान वेगळ्या मांडणीने ठेवायचे आहे. माझा अनुभव उलटा आहे. बातमी कोणती हे ठरले की कोणते सामान जमवलेलेच नाही ते कळते. निम्म्याहून अधिक वेळा नव्या क्रमाचा शेवट वार्ताहराला फोन करण्यात होतो. फोन करावा लागला नाही तर मला उलट शंका येते की क्रम बदलला, पण बातमीचा विचार झाला नाही.

आता दुसरा परिच्छेद आपोआप ठरला: सहा भागांचे वेळापत्रक, दोन तास, टँकर. तिसऱ्यात गळतीचा आरोप आणि त्याचे उत्तर. चौथ्यात पार्श्वभूमी, म्हणजे धरण कोणते, त्यावर आणखी कोणती गावे अवलंबून आहेत, गेल्या वर्षी याच दिवसांत साठा किती होता. शेवटी, सभेत आणखी काय झाले ते दोन ओळींत, उद्यानाच्या नावासह. गाळ्यांची भाडेवाढ मात्र आम्ही या बातमीतून बाहेरच काढली. बाजारपेठेतल्या दीडशे दुकानदारांसाठी तीच त्या दिवसाची पहिली बातमी होती, आणि एका बातमीला दोन डोकी बसत नाहीत. तिची वेगळी छोटी बातमी केली. खेळीमेळीचे वातावरण, इतिवृत्त, आभार आणि राष्ट्रगीत गेले.

या आकाराला उलटा पिरॅमिड म्हणतात, कारण वजनदार भाग वर आणि निमुळता होत जाणारा खाली. त्याच्या जन्माची एक गोष्ट पत्रकारितेच्या वर्गात हमखास सांगितली जाते. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात तारयंत्र महाग आणि बेभरवशाचे होते, तार मध्येच तुटली तर निदान मुख्य गोष्ट पोहोचावी म्हणून बातमीदार ती आधी पाठवू लागले, अशी. अभ्यासकांत यावर एकमत नाही, आणि अब्राहम लिंकन यांच्या हत्येच्या रात्री पाठवलेला मजकूर पाहिला तर का नाही ते समजते.

14 एप्रिल 1865 च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. असोसिएटेड प्रेसचे बातमीदार लॉरेन्स गोब्राइट यांनी आधी एक छोटी तार पाठवली: राष्ट्राध्यक्षांवर आज रात्री नाट्यगृहात गोळी झाडण्यात आली आहे, जखम कदाचित प्राणघातक आहे. आजचा कोणताही उपसंपादक ती आहे तशी पहिल्या पानावर लावेल. पण त्याच गोब्राइट यांनी नंतर सविस्तर वृत्तांत लिहिला तेव्हा सुरुवात केली ती राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी आज संध्याकाळी नाटक पाहायला गेल्या इथपासून. मग नाटकाचे नाव, मग जनरल ग्रँटही येणार अशी जाहिरात होती पण ते रेल्वेने न्यू जर्सीला निघून गेले हा तपशील, आणि त्यानंतर गोळी. एकच माणूस, एकच रात्र, एकच तारयंत्र, आणि दोन्ही प्रकारचे लेखन. तार घाईची होती म्हणून नेमकी झाली. वेळ मिळाल्याबरोबर कथा आपल्या जुन्या वळणावर, सुरुवातीपासून सुरुवात करण्यावर गेली.

त्याच मध्यरात्रीनंतर युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी न्यूयॉर्कला जनरल डिक्स यांच्या नावे तार केली. तिच्या पहिल्याच वाक्यात वेळ, स्थळ, सोबत कोण होते आणि गोळी झाडली गेली हे सगळे होते. स्टँटन वकील आणि मंत्री, पत्रकार नव्हते. 15 एप्रिलच्या न्यूयॉर्क टाइम्सने त्यांची तार वर छापली, गोब्राइट यांचा मजकूर तिच्या खाली. म्हणजे त्या रात्री न्यूयॉर्कमध्येही कोणी तरी टेबलावर बसून आधी काय आणि मागून काय हे ठरवलेच होते. बातमीदाराने न केलेले काम डेस्कने केले.

पिरॅमिड टिकला त्यामागे छापखान्याची सोयही होती. खिळ्यांच्या काळात मजकूर गॅलीत जुळवून तयार असे आणि पान लावताना जागा कमी पडली तर खालच्या ओळी उचलून बाजूला ठेवणे सर्वांत सोपे. बातमीचा मधला भाग काढायचा तर पुन्हा जुळवाजुळव आली. जाहिरात उशिरा आली की शेपूट कापायची, हा नियम खिळे गेले, संगणक आले, तरी बदलला नाही. रात्री साडेअकराला पान लावणारा माणूस तुमची बातमी वाचत बसत नाही, खालून तोडतो.

यातून एक कठीण प्रश्न निर्माण होतो, आणि तो मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. फार पूर्वी एका दुसऱ्या गावच्या बातमीत मी आरोप दुसऱ्या परिच्छेदात ठेवला, कारण तो झणझणीत होता, आणि ज्याच्यावर आरोप होता त्या अधिकाऱ्याचे उत्तर सर्वांत शेवटी, कारण ते कोरडे होते. वजनाप्रमाणे उतरता क्रम, पुस्तकात सांगितला तसाच. रात्री जाहिरात आली आणि शेवटच्या पाच ओळी गेल्या. सकाळी आरोप छापून आला, उत्तर आलेच नाही. मी कोणाचे वाक्य खोटे छापले नव्हते, तरी त्या माणसावर अन्याय झाला होता आणि तो माझ्या क्रमाने केला होता. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, पण खुलासा किती जण वाचतात? तेव्हापासून आरोप आणि उत्तर मी एकाच परिच्छेदात, शक्य तर लागूनच्या वाक्यांत ठेवतो. त्यांना एकत्र कापता यावे, वेगळे करता येऊ नये. त्या पाण्याच्या बातमीत गळतीचा आरोप आणि निविदेचे उत्तर असे एकाच परिच्छेदात बसले ते यामुळेच.

वाक्ये हलवताना आणखी एक गोष्ट हमखास निखळते, ती म्हणजे सांगणारा. “अभियंत्यांनी सांगितले” हे शब्द एका वाक्याशी जोडलेले असतात. ते वाक्य खाली गेले आणि त्याच्या आधारावर उभे असलेले दुसरे वर आले, तर वरच्याला आधार राहत नाही. “गळती वेळेत न काढल्याने पाणीटंचाई” असे इंट्रोत सुटे लिहिले असते तर तो विरोधी गटनेत्यांचा आरोप न राहता वर्तमानपत्राचा निष्कर्ष झाला असता. कपात मात्र नगरपरिषदेचा स्वतःचा निर्णय, तो पहिल्या वाक्यात विनाआधार चालतो, आधार तिसऱ्या वाक्यात येतो. कोणते विधान किती अंतरापर्यंत आपल्या सांगणाऱ्यापासून दूर नेता येते, याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि वादग्रस्त विधानाला तर अजिबात दूर नेता येत नाही. तशीच गत “त्यांनी”, “तो”, “सदर” या शब्दांची. वाक्य वर गेले की हे शब्द कोणाकडे बोट दाखवतात ते हरवते. मूळ कॉपीतले “तो फेटाळत” हे दोन शब्द आरोपाच्या वाक्यापासून सुटले असते तर कोणी काय फेटाळले हे कळायला मार्ग नव्हता. क्रम बदलून झाला की सर्वनामांवरून एकदा बोट फिरवायचे आणि प्रत्येकाचा धनी जवळ आहे का ते पाहायचे, एवढे केले तरी निम्म्या चुका टळतात.

पार्श्वभूमी खाली जाते याचा अर्थ ती तळालाच जाते असाही नाही. चालू खटल्याच्या किंवा आंदोलनाच्या बातमीत आजची नवी गोष्ट वर हवी, पण तिच्या मागोमाग हा खटला कशाचा, हे एका वाक्यात सांगितले नाही तर आधीच्या बातम्या न वाचलेला माणूस तिथेच थांबतो. उलट सवयही दिसते: आठवड्यापूर्वीची घटना पुन्हा इंट्रोत सांगून आजचा जामीन चौथ्या परिच्छेदात. पहिल्या दिवशी जी बातमी होती ती आठव्या दिवशी पार्श्वभूमी झालेली असते, आणि कालच्या कॉपीवरून आजची लिहिताना हे लक्षात राहत नाही.

काही घटना मात्र या साच्यात बसत नाहीत. पुरात अडकलेल्या माणसांची सुटका, मोर्चावर लाठीमार कसा झाला, अशा ठिकाणी आधी काय आणि नंतर काय यावरच सगळा अर्थ अवलंबून असतो. दगड आधी आला की लाठी? तिथे वजनाप्रमाणे वाक्ये लावली तर कार्य आधी आणि कारण नंतर येते, आणि वाचकाचा गोंधळ होतो. अशा वेळी वर दोन-तीन वाक्यांत निष्पत्ती सांगायची, किती जखमी, किती अटकेत, आणि मग घड्याळाप्रमाणे, “सकाळी दहा वाजता” पासून सरळ घटनाक्रम. गोब्राइट यांचा लांब वृत्तांत त्यांच्याच छोट्या तारेखाली लावला तर नेमका हाच आकार होतो.

त्या मंगळवारी रात्री सव्वाअकराला पतपेढीची एक जाहिरात आली आणि आमच्या बातमीच्या सहा ओळी कमी करायला सांगितल्या. मुलाने खालून मोजले. उद्यानाचे नामकरण गेले, गेल्या वर्षीच्या साठ्याचा आकडा गेला. वेळापत्रक, टँकर, आरोप आणि उत्तर जागेवर राहिले. त्याने पान सोडण्याआधी पहिले वाक्य पुन्हा वाचले आणि “येत्या सोमवारपासून” च्या पुढे तारीख टाकली, कारण डाक आवृत्ती काही गावांना एक दिवस उशिरा पोहोचते.